झाकले जाणारे काम आणि त्याचा साक्षीदार

कार्यक्रमाच्या शेवटी आपण आभार मानतो. "सर्वांच्या सहकार्याने कार्य सिद्धीस गेले" असे म्हणतो, टाळ्या होतात, मंडळी जेवायला उठतात. या वाक्यात खोटे काहीच नसते. पण कोणी काय केले, हेही त्यातून कळत नाही. ज्याने रात्रभर जागून काम ओढले त्यालाही हेच आभार आणि जो नुसता उभा होता त्यालाही हेच. असे का होते, याचा मी कधी विचार केला नव्हता. गेल्या मार्गशीर्षात सांगलीजवळच्या एका गावी एका स्नेह्यांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. तिथे एका वयस्क गवंड्याने दहा मिनिटे भाषण केले. ते ऐकल्यावर आभार मानण्यात किती जोखीम असू शकते हे समजले. तो प्रसंग आपल्यापुढे मांडतो.

स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. तळमजला, वर एक मजला आणि रस्त्याच्या बाजूला चार फूट पुढे आलेली गॅलरी, असे त्यांचे घर. होमहवन झाले, पूर्णाहुती झाली. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे काम करणाऱ्यांचा सन्मान. मिस्त्री, फिटर, सेंट्रिंगवाले, बिगारी, सगळ्यांना टॉवेल, टोपी, नारळ आणि बायकांना साडी. मिस्त्री साठी ओलांडलेले. त्यांना सगळे मामा म्हणतात. सरांनी आग्रह केला, "मामा, दोन शब्द बोला." मामा उठले, नारळ शेजारच्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "सगळ्यांचे आभार मी मानणार नाही. दोघांचे मानतो. पण त्यासाठी सरांना आधी एक खोटं कबूल करावं लागेल."

मांडवात एकदम शांतता झाली. मामा पुढे जे बोलले ते समजायला गॅलरीच्या बांधकामाची एक गोष्ट ठाऊक असावी लागते. ती आधी सांगतो.

दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब ओझ्याने मध्यभागी खाली वाकू पाहतो. वाकताना त्याची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण त्याला फारसा सोसत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे लोखंडी गज घालतात. स्लॅबच्या मध्यभागी ते तळाशी असतात. गॅलरीचे मात्र उलटे आहे. ती एकाच बाजूला धरलेली असते आणि दुसरे टोक मोकळे असते. आपण हात आडवा पुढे करून मुठीत पाण्याची बादली धरली, तर ताण खांद्याच्या वरच्या बाजूला जाणवतो. गॅलरीतही तसाच ताण वरच्या बाजूला, आणि सगळ्यात जास्त ताण ती घराला जोडलेली असते त्या रेषेवर येतो. म्हणून गॅलरीचे मुख्य गज वर असावे लागतात आणि त्यांची शेपटे आतल्या स्लॅबमध्ये लांबवर न्यावी लागतात. या घरात ती सहा फूट आत नेली होती.

खालचे गज खाली ठेवणे सोपे असते. त्यांच्या बुडाला सिमेंटचे छोटे ठोकळे दिले की काम भागते. वरचे गज अधांतरी असतात. ते वर राहावेत म्हणून वाकवलेल्या सळईच्या लहान खुर्च्या त्यांच्याखाली द्याव्या लागतात. स्लॅबच्या दिवशी मात्र त्याच जाळीवरून वीस-पंचवीस माणसे घमेली घेऊन ये-जा करत असतात. चालायला फळ्या टाकल्या नाहीत, किंवा खुर्च्या कमी पडल्या, की माणसांच्या पायांखाली वरचा गज हळूहळू दबत जातो. तो तुटत नाही, आवाज करत नाही. नुसता खाली जातो. त्यावर माल पडला की कुणालाच काही दिसत नाही.

खाली गेल्याने बिघडते किती? सरांच्या गॅलरीची जाडी पाच इंच. वरचा गज वरून एक इंचावर, म्हणजे तळापासून चार इंच उंच. तो दोन इंच दबला तर तळापासूनची उंची दोनच इंच उरते. लोखंड तेवढेच, सिमेंट तेवढेच, खर्च तेवढाच. पण तळाशी दाबले जाणारे काँक्रीट आणि वरचा ताण ओढून धरणारा गज यांच्यामधले अंतर हाच त्या तरफेचा हात असतो. तो आखूड झाला की गॅलरीची ताकद निम्म्याहूनही कमी होते. गज पार तळाला गेला तर वर ताण धरायला काहीच राहत नाही. आणि गॅलरी बाहेरून मात्र चांगल्या गॅलरीसारखीच दिसते.

आता मामांचे बोलणे. शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो.

"स्लॅबचा दिवस होता. सकाळी आठला मिक्सर चालू केला. आतला भाग पडला, गॅलरी राहिली. तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. टोळी दमली होती, मीही दमलो होतो. सकाळी फळ्या टाकल्या होत्या. दुपारी त्या कुणीतरी उचलून पलीकडे नेल्या. माझं लक्ष गेलं नाही. गॅलरीच्या तोंडाशी माल टाकायला सुरुवात झाली. हा पोरगा व्हायब्रेटरची नळी धरून उभा होता. विजापूरकडचा. मराठी त्याला नीट येत नाही. तो मला म्हणाला, 'मिस्त्री, गज खाली.' दोनच शब्द. मी म्हणालो, 'तू नळी धर.'

"मला ऐकू आलं नाही असं समजू नका. नीट ऐकू आलं. मी बघितलंही. गज दबला होता. पण मला घरी जायचं होतं. टोळीचा हिशेब स्लॅबवर ठरला होता, उशीर झाला की त्यांची कुरकुर. मिक्सर भाड्याचा. मनात आलं, एवढं काय होतंय? तेवढ्यात पोरगा परत म्हणाला, 'मिस्त्री, गज खाली.' आणि त्यानं व्हायब्रेटरची नळी बाजूला ठेवून दिली.

"मग मी मिक्सर थांबवला. पडलेला माल फावड्यानं, हातानं मागे ओढला. तो आत स्लॅबमध्ये घेतला. तो घट्ट व्हायच्या आत घ्यायला पाहिजे होता, म्हणून सगळी घाई. सळईच्या आकड्यानं एकेक गज वर उचलला. फिटरनं आणखी चौदा खुर्च्या वाकवून दिल्या. त्या बसवल्या, वरून दोरी ताणली, टेप लावून बघितलं, एक इंच. फळ्या परत टाकल्या. मग दिवे लावून गॅलरी भरली. रात्री साडेनऊ वाजले.

"सर वरती आले होते. त्यांनी विचारलं, मिक्सर का थांबलाय? मी म्हणालो, बेल्ट निसटलाय. सर, बेल्ट निसटला नव्हता. ते मी खोटं बोललो."

सर काहीच बोलले नाहीत. मामाही क्षणभर थांबले. आपण स्वतःला सरांच्या जागी ठेवून पाहावे. आयुष्यभराची पुंजी ज्या घरात घातली, त्याच घराविषयी वास्तुशांतीच्या दिवशी पाहुण्यांसमोर हे ऐकायला मिळते. पहिला विचार मनात येईल तो हाच, की हे सांगायची गरज काय होती? चूक वेळेत दुरुस्त झाली. गज आज जागेवर आहे. एक पावसाळाही गेला. नुकसान काहीच नाही. मग मालकाच्या मनात शंका का पेरायची?

ही हरकत हलकी नाही. अशी कबुली कधीकधी सांगणाऱ्याचे मन हलके करण्यापुरतीच असते आणि ऐकणाऱ्यावर भार टाकून जाते. मामांना ते ठाऊक असावे, कारण त्यांनी पुढे जे सांगितले ते याच हरकतीचे उत्तर होते.

"तुम्ही म्हणाल, दुरुस्त केलंस ना, मग गप्प बस. बावीस वर्षांपूर्वी मी गप्प बसलो होतो. दुसऱ्या गावात. दारावरचा छज्जा, अडीच फुटांचा. असाच गज दबला होता. तिथे सांगणारं कुणी नव्हतं, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. सेंट्रिंग काढलं तेव्हा छज्जा सरळ उभा. मालक खूश. तिसऱ्या वर्षी त्यांनी बोलावलं. छज्ज्याच्या वर, भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तडा. मी बघताक्षणी ओळखलं. उन्हानं आलेला तडा कसाही येतो, वेडावाकडा, जाळीसारखा. हा सरळ होता, भिंतीला समांतर. पण मी म्हणालो, उन्हानं होतं असं. सिमेंट भरलं, वर चुना मारला.

"पुढच्या पावसाळ्यात एका रात्री छज्जा खाली आला. सकाळी त्याच दारात मालकाची आई भाजी निवडायला बसायची. रात्र होती म्हणून कुणी नव्हतं. मालक म्हणाले, नशीब. मीही म्हणालो, नशीब. माझ्या पदरचं सिमेंट-लोखंड घालून मी तो परत बांधून दिला. एक पैसा घेतला नाही. गावात माझं नाव झालं, मिस्त्री असावा तर असा. पण छज्जा का पडला ते मी सांगितलं नाही. ते मालक आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं."

वाचकहो, इथे थोडे थांबू या. त्या मिस्त्रीने भरपाई पूर्ण केली होती. पैशांच्या हिशेबात पाहिले तर तो मोकळा झाला होता. उलट त्याच्या पदरी कीर्तीच पडली. तरी बावीस वर्षे ती गोष्ट त्याला सोडत नव्हती. का? कारण भरपाईने छज्जा परत उभा राहिला, पण त्या मालकाच्या मनात जे खोटे बसले होते ते तसेच राहिले. तो उन्हाला आणि नशिबाला दोष देत गेला. दुसऱ्या कामावर 'वरचा गज दबला नाही ना' असे विचारायचे, हे त्याला कधीच कळले नाही. वस्तू परत करता येते. पण दुसऱ्याची समज आपण चुकीच्या वाटेला लावली असेल, तर ती सत्य सांगितल्याशिवाय परत करता येत नाही.

आणखी एक नुकसान झाले होते, ते मामांनीच पुढे बोलून दाखवले. "त्या दिवशी माझ्याबरोबर चार पोरं होती. त्यांनीही गज बघितला होता. मी गप्प बसलो, ते बघून तीही गप्प बसली. ती पोरं आता मिस्त्री आहेत. आपापली कामं घेतात. मी त्यांना ओळंबा धरायला शिकवला, सूत लावायला शिकवलं. आणि हेही मीच शिकवलं."

आपण शिकवताना जे बोलतो तेवढेच शिकवतो असे आपल्याला वाटते. पण कामावरचा नवा माणूस थोरांच्या तोंडाकडे पाहत नाही, हाताकडे पाहतो. आणि हात कुठे थांबला नाही, हेही त्याला दिसते. प्लास्टर चढल्यावर मालकाला काही दिसत नाही, हे खरे. पण चूक झाकली जात असताना आजूबाजूला जे उभे असतात, त्यांना ती दिसलेली असते. म्हणजे चूक मालकापासून झाकली जाते, शिष्यांपुढे मात्र ती उघडी असते. झाकण्याचा पहिला परिणाम घरावर होतो की नाही हे लोखंड आणि काळ ठरवतील. शिष्यांवर तो त्याच क्षणी झालेला असतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दुरुस्त झालेली चूकही का सांगायची? मामा म्हणाले, "सर, मी बेल्टचं खोटं तसंच ठेवलं असतं, तर आज या पोराला मी काय म्हणून आभार देणार? चांगलं काम केलंस म्हणून? चांगलं काम सगळ्यांनीच केलं. यानं काय केलं ते सांगायचं तर मी काय केलं ते आधी सांगावं लागतं. माझी चूक झाकली की याचं कामही त्याच काँक्रीटखाली झाकलं जातं."

मला हे वाक्य विलक्षण वाटले. आपली चूक लपवणे म्हणजे फक्त स्वतःला वाचवणे, असे आपण धरून चालतो. पण पुष्कळदा आपली चूक ज्याने सावरली, त्याचे चांगले कामही आपण त्याबरोबर लपवतो. कार्यालयात साहेबाच्या हिशेबातली चूक कारकुनाने रात्री बसून काढली, तर साहेब कारकुनाचे आभार कसे मानणार? चूक मान्य केल्याशिवाय त्याला ते करताच येत नाही. मग तो 'सर्वांच्या सहकार्याने' म्हणतो. घरातही असेच घडते. सून वेळेवर बोलली म्हणून औषधाची चुकीची गोळी दिली गेली नाही, पण ती देणारे सासरे असतील तर तो प्रसंग पुन्हा निघत नाही. आपले गोलमोल आभार बऱ्याच वेळा आळसातून येत नाहीत. नेमके आभार मानले तर आपलेच काही उघडे पडेल, या भीतीतून ते येतात.

मामांनी त्या मुलाचे आभार नेमके कशाचे मानले, तेही पाहण्यासारखे आहे. "पहिल्यांदा सांगितलंस त्याचं मला एवढं नाही," ते म्हणाले. "डोळे ज्याचे तरुण त्याला आधी दिसणारच. मी गप्प केल्यावर तू दुसऱ्यांदा सांगितलंस, त्याचे आभार." खरेच आहे. पहिल्यांदा सांगताना माणसाला फक्त गज दिसत असतो. दुसऱ्यांदा सांगताना त्याला गजाबरोबर मिस्त्रीचा चेहराही दिसतो, उद्याची हजेरी दिसते, परक्या गावात हे काम गेले तर दुसरे मिळेल का, हे दिसते. एवढे दिसूनही त्याने तेच दोन शब्द उच्चारले. आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. हातातली नळी तेवढी खाली ठेवली. ज्या कामाशी आपले मन संमत नाही, त्यातून हात काढून घेणे एवढेच त्याच्या अधिकारात होते, आणि तेवढे त्याने केले.

दुसरे आभार मामांनी मानले ते रखवालदाराच्या पत्नीचे. काम चालू असताना हे जोडपे तिथेच पत्र्याच्या खोलीत राहत होते. स्लॅबवर पाणी ठेवायचे काम तिच्याकडे होते. नवे काँक्रीट वाळून घट्ट होते, अशी आपली समजूत असते. ते बरोबर नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून ते घट्ट होते, आणि हा संयोग बरेच दिवस चालू राहतो. मधेच पाणी उडून गेले की तो अर्ध्यावर अडतो. वरून स्लॅब टणक दिसतो, पण खिळ्याने ओरखडले की भुकटी निघते, बारीक तडे जातात, पावसाळ्यात ओल उतरते. कमीत कमी सात दिवस पृष्ठभाग ओला हवा. उन्हाळा असेल तर दहा दिवस. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट राख मिसळलेले असते. ते सावकाश घट्ट होते, म्हणून चौदा दिवस पाणी ठेवणे बरे. त्यासाठी स्लॅबवर मातीचे लहान बांध घालून चौकोनी आळी करतात आणि ती भरून ठेवतात.

"फाल्गुन संपत आला होता, ऊन मरणाचं," मामा म्हणाले. "चौदा दिवसांत मी सहा वेळा येऊन बघितलं. सहाही वेळा आळी भरलेली. पण मी आलो नाही त्या दिवसांचं काय? मध्ये पाडवा आला. कामाला सुट्टी, मी गावाला. चौदा दिवसांनी बांध काढले तेव्हा बघितलं. आळं एकदा जरी कोरडं पडलं ना, तर बांधाच्या मातीला भेगा पडतात. परत पाणी भरलं तरी त्या भेगांच्या खुणा राहतात. या बांधांना एक भेग नव्हती. म्हणजे पाडव्याच्या दिवशीही ही बाई कळशी घेऊन वर गेली होती. कुणी बघत नसताना. मावशी, तुमचे आभार."

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. तिने पाणी भरले हे कुणी पाहिले नव्हते, आणि तिनेही कुणाला सांगितले नव्हते. पण ते ओळखण्याची नजर मामांपाशी होती. आभार मानणाऱ्याजवळही काही विद्या लागते. काम कसे होते हे ज्याला ठाऊक आहे, तोच न पाहिलेल्या दिवसांचे काम मातीच्या बांधावर वाचू शकतो. ज्याला ठाऊक नाही, त्याला दिसते ते फक्त तयार घर, आणि म्हणून तो सगळ्यांचे एकत्र आभार मानतो. आपल्या घरी स्वयंपाक कसा होतो, आपला रस्ता पहाटे कोण झाडते, आपल्या संस्थेचा हिशेब कोण जुळवते, हे आपण जितके कमी जाणतो, तितके आपले आभार गोलमोल होत जातात.

मामा बसणार इतक्यात सरांच्या आईने विचारले, "मिस्त्री, मग ती गॅलरी आता पक्की आहे ना?" वय नव्वदीच्या घरातले, आवाज खणखणीत. मांडवातल्या प्रत्येकाच्या मनात हाच प्रश्न होता.

मामांनी "काळजी करू नका, आजी" असे म्हटले नाही. ते म्हणाले, "एकेक गज टेप लावून बघितलाय, वरून एक इंच. टेकू तीन आठवडे ठेवले, आणि काढताना बाहेरच्या टोकाकडून आत काढत आणले, म्हणजे गॅलरीनं तिच्या रीतीनं भार घेतला. एवढं माझ्या हातचं आहे. पुढचं तुमच्या हातचं. बाहेरच्या कठड्यावर विटांची भिंत चढवून खोली करू नका. टोकाला पाण्याची टाकी ठेवू नका. आणि दर पावसाळ्याआधी, दाराच्या उंबऱ्याबाहेर, जिथं गॅलरी घराला जोडली आहे, तिथं फरशीच्या सांध्यात भिंतीला समांतर सरळ भेग दिसते का ते बघा. दिसली तर त्यावर सिमेंट भरू नका. मला बोलवा. मी नसलो तर कुठल्याही इंजिनिअरला बोलवा, आणि त्याला सांगा की या गॅलरीचे गज एकदा दबले होते आणि उचलले होते."

मघाची हरकत इथे मिटली असे मला वाटते. कबुली ऐकणाऱ्यावर भार टाकते, हे खरे. पण मामांनी नुसती शंका दिली नाही. काय झाले, ते कितपत दुरुस्त झाले, कुठे पाहायचे आणि दिसले तर काय करायचे, हे सगळे त्यांनी तिच्याबरोबर दिले. शंका आणि तिचा ठावठिकाणा एकत्र मिळाला की ती शंका राहत नाही, माहिती होते. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या मालकाला तडा दिसला होता, पण त्या तड्याचा अर्थ कुणी दिला नव्हता. सरांच्या आईला आज तडा दिसायच्या आधीच त्याचा अर्थ कळला होता. सत्य सांगावे की नाही असा प्रश्न आपल्यापुढे येतो, तेव्हा बहुधा एवढेच तपासावे: आपण समोरच्याच्या हातात नुसते ओझे देतो आहोत, की ते उचलायची कडीही देतो आहोत?

यानंतर सर उठले. रागावले नव्हते, पण त्यांचा चेहरा मघासारखा समाधानीही नव्हता. ते मामांना म्हणाले, "बेल्टचं तुम्ही त्या दिवशीच सांगायला हवं होतं." मामा म्हणाले, "हो, सर. त्या दिवशीच." दोघांनीही विषय त्याहून वाढवला नाही. असे क्षमेचे आणि गहिवराचे प्रसंग गोष्टींत होतात. तिथे फक्त एक माणूस म्हणाला की उशीर झाला आणि दुसऱ्याने तो मान्य केला. मला ते पुरेसे वाटले.

तो विजापूरकडचा मुलगा इतका वेळ पंगतीच्या टोकाला उभा होता. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्याला कळत होते, पण का ते कळत नव्हते. फिटर त्याच्याच बाजूचा. त्याने त्याच्या कानाशी वाकून कन्नडमध्ये सांगितले. ऐकता ऐकता तो मुलगा खाली पाहू लागला. मग त्याने फिटरला काहीतरी विचारले. फिटर हसला आणि मामांना म्हणाला, "तो विचारतोय, पुढचा स्लॅब कधी आहे."

"बुधवारी," मामा म्हणाले. "आणि त्याला सांग, फळ्यांवर लक्ष त्यानंच ठेवायचं."